अडुसष्ट फूट दोरी आणि दोनशे अठ्ठ्याऐंशी फरश्या

पाचवीच्या वर्गाची खोली आमच्याकडून जाणार, हे मला हेडमास्तरांनी सांगितलं नाही. ते मला सातवीच्या मुलांनी सांगितलं. मधल्या सुट्टीत ती दारात उभी राहून आमच्या खोलीतल्या कोणत्या भिंतीला कोण टेकून बसणार, हे आपापसांत ठरवत होती.

साठ सालच्या आसपासची गोष्ट. नंदुरबार तेव्हा धुळे जिल्ह्यात होतं. मी नंदुरबारपासून थोड्या अंतरावरच्या एका मोठ्या गावात प्राथमिक शाळेवर नव्यानेच लागले होते. वडील रेल्वेत असल्यामुळे माझं सगळं शिक्षण इंग्रजी शाळांत झालेलं. पाढे मला मराठीत येत नव्हते. 'बेरीज' म्हणताना डोक्यात इंग्रजी आकडे धावायचे आणि तोंडातून उशिरा मराठी यायचं. त्यामुळे मी शाळेत फार बोलत नसे. लोकांना वाटायचं बाई शांत आहेत. खरं म्हणजे बाई भाषांतर करत असायच्या.

शाळेत दोन खोल्या वादाच्या होत्या. एक आमची. गावातल्या मारवाडी दुकानदाराने वडिलांच्या स्मरणार्थ बांधून दिलेली, एकेक फुटाच्या चौकोनी फरश्या बसवलेली. उन्हाळ्यात तिच्यावर पाय ठेवला की बरं वाटायचं. दुसरी सातवीची. ती पूर्वी कापसाची वखार होती. लांबच लांब, अरुंद, आणि जमीन शेणाने सारवायची. दर शनिवारी सातवीची मुलं शेण गोळा करत फिरत आणि सोमवारी गुरुजी त्यांची नखं तपासत.

सातवीचे गुरुजी शाळेतले सर्वांत जुने. धोतर, काळी टोपी, आणि बोलताना समोरच्याच्या डोक्यावरून दूर कुठेतरी पाहायची सवय. त्यांचं म्हणणं साधं होतं. पाचवीत सदुसष्ट मुलं, सातवीत पस्तीस. जास्त मुलांना मोठी खोली हवी. वखार मोठी आहे. म्हणून पाचवीने वखारीत जावं.

"मोठी आहे हे कशावरून?" हेडमास्तरांनी विचारलं. हेडमास्तर स्वभावाने भले, पण कुठलाही निर्णय स्वतः घेतला असं पुढे कोणी म्हणू नये, याची ते काळजी घेत.

"दोरी लावा ना. शनिवारी दोरी लावू. जिची दोरी लांब, ती खोली मोठी. शेताभोवती काट्यांची वई घालताना आपण काय बघतो? काट्या जास्त लागल्या की वावर मोठं."

हेडमास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. "काय बाई, चालेल?"

मला म्हणायचं होतं, नाही चालणार. वाक्य तयार होईपर्यंत मी "जी" म्हणून बसले होते.

पुस्तकात पुढचा धडा परिमिती आणि क्षेत्रफळाचाच होता. आदल्या रात्री हे दोन शब्द मी दहा वेळा मोठ्याने म्हणून पाहिले होते. मी ठरवलं, बोलायचं कमी, मोजायचं जास्त.

पहिल्या दिवशी दोरी मुलांनीच आणली. सूतकताईच्या तासाला टकळीवर काढलेलं सूत त्यांनी पीळ देऊन एकत्र केलं होतं. त्यात गाठी, गाठींत कापसाच्या सरक्या, आणि एका ठिकाणी कोणाचा तरी केस. मुलांनी ती भिंतीलगत ढिली ढिली फिरवली आणि मग फरश्यांच्या रांगेवर मोजताना दोघांनी दोन टोकांनी अशी ओढली, की खोली पाऊणशे फुटांची झाली. मुलींनी भिंतीलगत घट्ट ओढली आणि मोजताना फरशीवर अलगद ठेवली. त्यांची खोली एकसष्ट फुटांची.

"वढू नको रे! तू दोरी वढी ऱ्हायना!"

"तुमीच रबर करी ठेयेल शे दोरीनं!"

त्या भांडणात दोरी तुटली आणि प्रश्न मिटला. मी दुकानातून सुतळी आणली. ती फारशी ताणत नाही. फरश्यांच्या रांगेलगत सरळ ठेवून प्रत्येक फुटावर गेरूची खूण केली. भिंतीच्या चारही बाजूंनी सुतळी फिरली आणि खूण आली अडुसष्टावर. पुन्हा फिरवली. पुन्हा अडुसष्ट.

वर्ग खूश. पण पहिल्या रांगेत गुजर शेतकऱ्याची एक मुलगी बसायची. दोन वेण्या, लाल फिती, आणि कोणाचंही काही मान्य न करण्याचा स्वभाव. ती उठली, भिंतीला लागून असलेल्या फरश्यांवर एकेक पाऊल टाकत पूर्ण फेरी मारून आली आणि म्हणाली, "बाई, चौसष्टच शेतस."

"परत मोज."

सगळ्यांनी परत मोजलं. चौसष्टच. सदुसष्ट मुलं माझ्याकडे पाहू लागली.

"चार फूट कोठे गयात?" मागून कोणीतरी म्हणालं. "चोरी व्हयनी वाटतं."

मला उत्तर माहीत होतं, पण ते इंग्रजीत माहीत होतं. मी एका मुलाचा हात धरला आणि त्याला कोपऱ्यातल्या फरशीवर उभं केलं. तोंड वर्गाकडे, एक खांदा एका भिंतीला, दुसरा दुसरीला. त्याच्या शेजारच्या फरशीवर दुसऱ्याला उभं केलं. "तुला किती भिंती लागतात?" मी दुसऱ्याला विचारलं.

"एक."

"आणि तुला?"

कोपऱ्यातला मुलगा अंग चोरून म्हणाला, "मी दोन्हीकडून भीतले लागी ऱ्हायनू, बाई. चुना लागना."

मग त्या मुलीनेच ते बोलून टाकलं. कोपऱ्यातली फरशी एक, पण तिच्या दोन कडा भिंतीला लागतात. सुतळी दोन्ही कडा मोजते, पाऊल एकदाच पडतं. चार कोपरे, चार फूट. चोर सापडले याचा वर्गाला इतका आनंद झाला, की पुढे आठवडाभर प्रत्येक मुलगा कोपऱ्यात उभा राहून शर्टाला चुना लावून घरी गेला.

क्षेत्रफळ मात्र शांतपणे झालं. लांबीत अठरा फरश्या, रुंदीत सोळा. एक एक मोजून झाल्यावर गुणाकार केला. दोनशे अठ्ठ्याऐंशी. मग मी प्रत्येकाला चार फरश्यांचा चौकोन बसायला दिला. मांडी, पाटी आणि दप्तर त्यात नीट मावत होतं. शेजाऱ्याच्या फरशीवर गुडघा गेला की लगेच तक्रार यायची.

शनिवारी गुरुजी आमचीच सुतळी घेऊन गेले. हेडमास्तर एका टोकाला, गुरुजी दुसऱ्या टोकाला, सातवीची मुलं मध्ये धरायला. वखारीचा घेर बहात्तर फूट भरला.

"बहात्तर," गुरुजी माझ्या डोक्यावरून पाहत म्हणाले. "तुमची अडुसष्ट. बोला."

म्हणायचं होतं ते मी अजून मराठीत जुळवत होते. हेडमास्तरांनी घाम पुसला. "मग ठरलं. सोमवारी पाचवी तिकडे."

सोमवारी आम्ही पाट्या-दप्तरं घेऊन वखारीत गेलो. आत शनिवारी सारवलेल्या शेणाचा ताजा वास होता. मी कसं बसायचं ते सांगणार, तोच ती लाल फितींची मुलगी बाहेर गेली आणि गवंड्याने व्हरांड्यात टाकून ठेवलेली एक जादा फरशी दोघींच्या मदतीने उचलून घेऊन आली.

"बाई, चार फरश्या शिवाय आम्ही नही बसाव."

मी तिच्या हातात खडू दिला. फरशी भिंतीलगत ठेवायची, खडूने रेघ मारायची, पुढे सरकवायची. लांबीत सव्वीस भरल्या, रुंदीत दहा. मग मुलांनी दोन-दोन फुटांचे चौकोन आखले आणि एकेक जण आपापल्या चौकोनात बसू लागला. लांबीत तेरा, रुंदीत पाच. पासष्ट मुलं बसली आणि जमीन संपली. दोन मुलं दप्तर छातीशी धरून उंबऱ्याबाहेर उभी राहिली. त्यांच्या मागे मी.

हेडमास्तर फेरी मारत आले. "बाई, तुम्ही बाहेर?"

मी आत बोट दाखवलं.

"सरकून बसा ना जरा!" मागून आलेले गुरुजी ओरडले. "एवढी मोठी खोली!"

"मोठी नही शे, गुरुजी, लांबडी शे," मुलगी चौकोनातून न उठता म्हणाली. "आमनं नदीकाठनं वावर असंच शे. वई करता करता मन्हा बापना जीव जास, आन कापूस निंघस शेजारीना वावरपेक्षा कमी."

पासष्ट मुलं हसली. उंबऱ्याबाहेरची दोघं उशिरा हसली, कारण त्यांना ऐकू आलं नव्हतं. गुरुजींनी पहिल्यांदा कोणाच्या तरी डोळ्यांत पाहिलं, आणि ते डोळे दहा वर्षांच्या मुलीचे होते.

"म्हणजे दोरी खोटी?" ते हेडमास्तरांना म्हणाले. "तुमच्यासमोर लावली ना?"

हेडमास्तर माझ्याकडे वळले. सगळेच वळले. मी जमिनीकडे पाहत म्हणाले, "दोरी खरी आहे, गुरुजी. दोरी भोवतालचं सांगते. बसायचं आत असतं."

शाळेत लागल्यापासून मी एका दमात बोललेलं हे सर्वांत लांब मराठी होतं. ते बरोबर आलं याचंच मला इतकं अप्रूप वाटलं, की पुढचं हेडमास्तर काय म्हणाले ते मला पुन्हा विचारावं लागलं.

ते स्वतः वाकून गुणाकार करत होते. सव्वीस दाहे दोनशे साठ. अठरा सोळे दोनशे अठ्ठ्याऐंशी. मग एकेका मुलाला चार, म्हणजे सदुसष्ट मुलांना दोनशे अडुसष्ट. इथे आठ फरश्या कमी पडतात, तिकडे वीस उरतात. त्यांनी खडू झटकला. "निर्णय गणिताने झाला," ते समाधानाने म्हणाले. "माझा नाही."

आम्ही मिरवणूक काढल्यासारखे आमच्या खोलीत परत आलो. गुरुजींनी वाटेत कोणालाही अडवलं नाही. फक्त ती जादा फरशी त्यांनी मुलांकडून मागून घेतली. दुपारी मी पाहिलं, तर ते सातवीच्या मुलांना तीच सरकवायला लावून वखार पहिल्यापासून मोजून घेत होते, आणि एका मुलाला म्हणत होते, "नीट चिकटव रे, फट ठेवू नको. फटीत गेलेली जागा कोण देणार?"

आमच्या वीस फरश्या मात्र फार दिवस टिकल्या नाहीत. हेडमास्तरांना हिशेब आवडला होता. त्यांनी वीसला चारने भागलं आणि नाव घालायला आलेल्या पाच मुलांना पाचवीत पाठवून दिलं. बहात्तर मुलं, दोनशे अठ्ठ्याऐंशी फरश्या, शिल्लक काही नाही.

"बाई, तुमनं टेबल आमन्या चार फरश्या खाई ऱ्हायनं," त्या मुलीने नव्या मुलांच्या वतीने सांगितलं.

टेबल आणि खुर्ची शिपायाने वखारीत नेऊन ठेवली. गुरुजींनी ती एका लांब भिंतीला लावून घेतली. भिंत त्यांच्याकडे भरपूर होती.