रद्द करायचं कार्ड

पोस्टकार्डावर एक नाव लिहायला नको होतं, हे मला कार्ड पेटीत पडल्यावर कळलं. तेही स्वतःहून नाही, बायकोनं विचारलं म्हणून.

चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीची गोष्ट असेल. आम्ही पांढुर्ण्याला राहायचो. आजीच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि डॉक्टरांनी तिला वाकायची, चुलीपुढं बसायची मनाई केली होती. डोळ्यावर पट्टी बांधून ती दिवसभर रेडिओजवळ बसे. एकदा सहज म्हणाली, लहानपणी सौंसरला तंबूतला सिनेमा पाहिला होता, त्यातलं ते गाणं एकदा ऐकायला भेटलं असतं. रविवारी दुपारी नागपूर केंद्रावरून फर्माईशीची जुनी गाणी लागत. मी ताबडतोब म्हणालो, मी लावतो. जसं काही रेडिओ माझ्या मामाचा होता.

गल्लीतले शिंपीकाका आमच्याकडच्या श्रोता संघाचे अध्यक्ष. आठवड्याला ढीगभर कार्डं टाकत, संघाचा रबरी शिक्का मारून. मी लिहिलेलं पानभर पत्र त्यांनी मशीनवरून न उठता वाचलं आणि परत दिलं. पत्रात आजीचा स्वभाव, ऑपरेशन, डॉक्टर, सगळं होतं. सिनेमाचं नाव नव्हतं. ते म्हणाले, तिथं रोज पोत्यानं टपाल येते. वरवर पाहतात आणि गाण्यागाण्याचे गठ्ठे लावतात. ज्या गाण्याचा गठ्ठा जाड, त्याची तबकडी शोधतात. म्हणून गाण्याचे पहिले शब्द, सिनेमा, गाणारी बाई, आणि खाली ऐकणाऱ्यांची नावं न गावं, एवढंच कार्डावर लिहायचं. ‘आजीसाठी’ एका ओळीत. जुन्या गाण्याला कार्डं कमी येतात, त्यामुळे एकाच गावचं नाव असलं तर गाणं मागं पडते. दुसऱ्या गावचं एखादं नाव जोडलं की बरं.

आजी गुणगुणायची ते शब्द ऐकून सिनेमा आणि गाणारी त्यांनीच सांगितली. मी तिथंच काउंटरवर कार्ड लिहिलं. दुसरं गाव म्हणून सौंसर सुचलं आणि सौंसर म्हटल्यावर आजीच्या धाकट्या बहिणीचं नाव सुचलं. दोघींची नावं एकाखाली एक काढली. अक्षरही बरं आलं होतं. घरी येताना कार्ड पेटीत टाकलं.

घरी आल्यावर बायकोला मोठ्या ऐटीत सांगितलं. तिनं पोळी लाटता लाटता विचारलं, “त्या दोघी बोलतात का हो?”

नव्हत्या बोलत. तीन वर्षं झाली होती. आणि ते भांडण माझ्याच लग्नातलं. आहेरात सौंसरच्या आजीला मिळालेलं लुगडं हलकं निघालं. तिला वाटलं, बहिणीनं मुद्दाम दिलं. ती न जेवता गेली आणि आठवड्यानं ते लुगडं घडीसकट बसच्या कंडक्टरच्या हाती परत पाठवलं. त्या दिवसापासून आमच्या आजीनं सौंसरचं नाव काढलं नव्हतं. बहिणीच्या दारात मी मेल्यावरही जाणार नाही, असं ती चारचौघांत बोलून चुकली होती. आता नागपूरहून ते नाव तिच्या नावाला जोडून सगळ्या मुलखाला ऐकू जाणार होतं. लोक म्हणतील, म्हातारी शेवटी नमली. आणि सौंसरवाली म्हणेल, माझं नाव वापरायला हिला कोणी सांगितलं?

मी पोस्टात धावलो. थैली नुकतीच गाडीनं गेली होती. मग मला शहाणपण सुचलं. मी दुसरं कार्ड घेतलं आणि शिंपीकाकांच्या शिकवणीप्रमाणे सगळं नीट लिहिलं: वर गाण्याचे पहिले शब्द, सिनेमा, गाणारी. खाली, आधीचं पत्र रद्द समजावं, हे गाणं कृपया वाजवू नये. खाली फक्त माझं नाव, पांढुर्णा. त्या रात्री मला झोप लागली.

दुसऱ्या दिवशी काकांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी मशीन थांबवलं.

“गाण्याचं नाव वर लिहिलं?”

“ठळक लिहिलं.”

“मंग तेबी त्याच गठ्ठ्यात गेलं, बाबू. गठ्ठा लावणारा निसती वरची ओळ पाहते. एकाचे दोन झाले तुमचे.”

वर ते म्हणाले, आजीचं गाणं म्हणून संघाचीही पाच कार्डं मी कालच टाकली, वेगवेगळ्या गावांची. मी त्यांचे आभार मानले. दुसरं काय करणार?

कार्यक्रमाची यादी आधीच तयार होते, त्यामुळे पहिला रविवार तसाच जाणार हे माहीत होतं, तरी मी उपाशी बसलो. दुसऱ्या रविवारी प्रत्येक गाण्याआधी नावं सुरू झाली की मी रेडिओशी सरकून बसे. सौंसर म्हटलं, की मी खोकायचो. आजी म्हणे, “खोकल्याचं औषध घे ना रे.” आपलं गाणं लागणार, हे तिनं एव्हाना साऱ्या गल्लीला सांगून ठेवलं होतं.

तिसऱ्या रविवारी मी सकाळीच रेडिओतले सेल काढून उन्हात ठेवले. उतरले म्हणालो. आजीची पट्टी सुटली होती, काळा चष्मा आला होता. ती काठी घेऊन उठली आणि शेजारच्यांच्या ओसरीवर जाऊन बसली. तिच्या मागून अख्खी गल्ली तिथं. मीही गेलो, गुन्हेगार जातो तसा.

चौथं गाणं तेच निघालं. निवेदिकेनं सिनेमा सांगितला, गाणारी सांगितली. मग पांढुर्ण्याहून आजीचं नाव. सौंसरहून तिच्या बहिणीचं. मग संघाची मंडळी. आणि शेवटी, पांढुर्ण्याहूनच, माझं. रद्द करायचं कार्ड पोचलं होतं.

आजी गाणं संपेपर्यंत हलली नाही. मग आजी हळूच म्हणाली, “तिनंबी चिठ्ठी टाकली वाटते.”

तीन दिवस मी तिला खरं सांगितलं नाही. आजी दोनदा म्हणाली, गाणं तिच्या ध्यानात राहिलं म्हणायचं. खरं सांगितलं तर हिचं काय होईल, आणि नाही सांगितलं तर कधी उघडं पडेल, यात मी पार वाळलो.

बुधवारी दुपारी सौंसरच्या बसनं आजीची बहीण आली. हातात संत्र्यांची थैली. दारातच उभी राहून म्हणाली, “तुनं माह्यं नाव टाकलं म्हनून आली, बाई. नाहीतर येत नव्हती.”

ओसरीत आई होती, बायको होती, मी होतो. आजीनं काळा चष्मा माझ्याकडे वळवला. त्यामागचे डोळे दिसत नव्हते, पण तिला सगळं कळलं होतं. कोणी लिहिलं, तेही. ‘मी नाही टाकलं’ एवढंच ती म्हणाली असती तरी सगळं संपलं असतं. ते खरंही होतं.

“हो,” आजी म्हणाली. “मीच टाकाले लावलं याले. आत ये, ऊन हाये.”

मग दोघी संत्री सोलत बसल्या आणि गाण्याचं दुसरं कडवं कसं आहे यावर त्यांचं वाजलं, पण ते वेगळं.

संध्याकाळी मी बायकोला म्हटलं, पाहिलंस, शेवटी कामच झालं की नाही. तिचं आणि माझ्या आईचं तेव्हा लोणच्याच्या बरणीवरून पंधरा दिवस बोलणं बंद होतं. ती म्हणाली, “एक कार्ड माह्या न तुमच्या आईच्या नावाचं टाकून पाहा. अन मंग रद्द कराचंबी टाकजा, म्हंजे नक्की लागते.”