सासूबाईंच्या नावाचं दुकान

शेजारच्या काकूंचं भिलाईच्या हुडको कॉलनीत फराळाचं लहानसं दुकान आहे. पाटीवर त्यांच्या सासूबाईंचं नाव. ते नाव इतकं सर्रास की सर्चमध्ये टाकलं की नागपूरचं साड्यांचं दुकान येई, मग पुण्याचं मंगल कार्यालय. काकू कुठेच नसत.

पाटीचा रंग उडाला होता. दिवाळीआधी पेंटर येणार होता. काकांनी जेवता जेवता ठरवून टाकलं, "आता नावच बदलू. रायपूरचे लोक शोधतात, साड्यावालीले फोन लावतात."

काकू माझ्याकडे आल्या, कारण दुर्गच्या एका ऑफिसात मी दुकानांची सोशल मीडियावरची पेजेस सांभाळते. कॉलनीत मी त्यासाठी कमी आणि 'बोलत नाही ती' म्हणून जास्त ओळखली जाते.

"बाई, मले सांग, आईंचं नाव पुसावं लागते का?"

"नाही," मी म्हणाले. मग भीती वाटली, कारण तोवर मी काहीच पाहिलं नव्हतं.

बघितल्यावर कळलं, काकूंची तीन पेजेस होती आणि तिन्हीवर नाव वेगळ्या तऱ्हेनं लिहिलेलं. एकाला पुढे 'घरगुती', एकाला मागे 'फूड्स'. तिसरं काकूंचं स्वतःचं खातं, तेही लॉक केलेलं. चकलीचे सुरेख फोटो त्यातच. बाकी सगळं कॉलनीच्या ग्रुपवर. सर्च इंजिन ना लॉकच्या आत शिरतं, ना ग्रुपमध्ये. आमच्या ऑफिसने मागे कधीतरी काकूंसाठी एका पानाची वेबसाइट केली होती, पण तिन्हींतून तिच्याकडे एकही लिंक नव्हती. हे सगळं एकाच दुकानाचं आहे, हे सर्चला कळावं कशावरून?

सगळ्यात जुन्या पेजवर बरेच लोक जोडलेले होते, पण नंबर बंद.

"हा नंबर कोणाचा?"

काका खाकरले. "स्टील प्लांटनं दिलेला. रिटायर झालो तेव्हा सिम जमा केलं."

पेज त्याच सिमवर उघडलेलं. पासवर्ड विसरले, कोड त्या नंबरवर जायचा, म्हणून दरवेळी नवीन पेज. आमच्याकडे अर्ध्या रिटायर्ड घरांची हीच गत असेल. सिमबरोबर बँकेपासून गॅसपर्यंत सगळं जमा होतं, आणि पुढचं वर्षभर माणूस या काउंटरवरून त्या काउंटरवर फिरत राहतो.

काकू म्हणाल्या, "घर सोडून सगळं जमा केलं यांनी!"

"घरही क्वार्टर होतं, तेही केलं," काका म्हणाले, आणि मला हसू आवरेना.

जुन्या पेजवर त्यांचा बेंगळुरूचा मुलगाही अॅडमिन होता. त्याला फोन करायला मी दोन दिवस लावले. कागदावर वाक्यं लिहून ठेवली होती. तो म्हणाला, "अरे, मैं अभी भी हूँ उसमें?" आणि दोन मिनिटांत त्याने काकूंना आत घेतलं.

मग जुनं पेज ठेवलं, दुसरं त्यातच मिसळलं. सगळीकडे एकच नाव, एकच पत्ता, एकच नवा नंबर. पेजवरून वेबसाइटला लिंक, वेबसाइटवरून पेजला. नकाशावरची दुकानाची नोंदही तशीच केली. काका म्हणाले, नोंदीत नावापुढे 'बेस्ट फराळ भिलाई' टाक. मी म्हटलं, तसं नियमात बसत नाही, नोंद बंद होईल. त्यांच्याशी मी एवढं पहिल्यांदाच बोलले असेन.

काकू रोज एक पोस्ट टाकू लागल्या. 'शुभ सकाळ'चं फूल नाही, तर आज काय तळलं, ते दोन ओळींत. लाईकने सर्चमधला नंबर वर जात नाही, हे मी त्यांना सांगितलं होतं. पण दुकान चालू आहे हे लोकांना दिसतं, आणि लोक मग नावानेच शोधतात.

पंधरा दिवसांनी त्या धावत आल्या. "पहिला नंबर! हे पाह्य!"

"काकू, तुम्ही रोज तेच उघडता, म्हणून तुमच्या फोनवर दिसतं."

त्यांचा चेहरा उतरला. मला वाटलं, गप्प राहायला हवं होतं.

पेंटर येण्याच्या आदल्या दिवशी मी जवळच चरोद्याला मावशीकडे गेले होते. तिच्या फोनवर ब्राउझरची कोरी, आधीचं काही न आठवणारी खासगी खिडकी उघडून फक्त नाव टाकलं. वर काकूंचं पेज, खाली वेबसाइट, बाजूला नकाशा. साड्यांचं दुकान तिसरं. नागपुरात शोधलं तर अजूनही तेच वर असणार, ते मला ठाऊक होतं. पण रायपूरच्या मैत्रिणीला पाहायला सांगितलं, तर तिलाही काकूच दिसल्या.

मी तिथूनच फोन केला. काकांनी उचलला.

"काका, नाव राहू द्या."

"दुकानात कोणी बाई फोन करून राहिली होती सकाळी," ते म्हणाले. "दुर्गची, पद्मनाभपूरची. नाव टाकलं अन् मिळालं म्हणे. काकू तुझी तिला अनारशाची पूर्ण कथा सांगून राहिली होती."

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम दुकानावरून गेले. पेंटर शिडीवर होता. खाली काका वेबसाइटचं छापून घेतलेलं पान हातात धरून उभे. "जसं इथे आहे, तसंच. अक्षर इकडचं तिकडे नाही," ते त्याला सांगत होते. सासूबाईंचं नाव, खाली हुडको, भिलाई, आणि नवा नंबर. काकूंच्या नावावर घेतलेला.