अडकलेल्या मेल सोडणारा यज्ञेश्वर

यज्ञेश्वर टिल्लूला उज्जैनमधल्या फ्रीगंजच्या ऑफिसात सगळे ‘सिस्टमवाले’ म्हणत. नाव एवढं भारदस्त असून कुणाला ते घ्यायचा उत्साह नव्हता. घ्यायच्या फक्त सुलभाकाकू, आणि त्याही अर्धंच. ‘‘यज्ञा, ये, पोहे आणलेत,’’ असं त्यांनी म्हटलं की तो सर्व्हरच्या खोलीतून बाहेर यायचा. ती खोली म्हणजे पूर्वीची पाण्याच्या मडक्यांची जागा. तिथे एसी बसवला, कुलूप लावलं आणि यज्ञेश्वरला आत घातलं.

कंपनी भैरवगढच्या लाकडी ठप्प्यांच्या छपाईचा माल परदेशी पाठवायची. चादरी, पडदे, टेबलक्लॉथ. धुणं, रंगवणं, छापणं सगळं भैरवगढला, आणि पत्रव्यवहार फ्रीगंजला. पत्रव्यवहार म्हणजे सुलभाकाकू. टाइपरायटरपासून त्या तिथे होत्या. टेलेक्स आला, फॅक्स आला, मग मेल आली, आणि काकू प्रत्येक नव्या यंत्रासमोर पदर खोचून बसल्या. हॅम्बुर्गचा जुना ग्राहक पत्रात आधी त्यांच्या गुडघ्यांची चौकशी करायचा, मग कपड्याची. नवरा गेल्यावर काकूंच्या आयुष्यात उठून जायची जागा ती एकच राहिली होती. रविवार त्यांना आवडत नसे, हे त्या उघड सांगत.

२००४ साल उजाडलं ते मेलमधून येणाऱ्या किडीचं. रोज नवी. यज्ञेश्वरने इंटरनेट आणि ऑफिस यांच्या मध्ये एक लिनक्सचा सर्व्हर बसवला होता. येणारी प्रत्येक मेल आधी त्याच्यातून जायची. त्यात त्याने नियम लिहिले. फाइलच्या नावाचं शेपूट exe, scr, pif असेल, म्हणजे ती उघडताच चालू होणारी असेल, तर आत यायचं नाही. ‘बिल.doc.exe’ अशी दोन शेपटं लावून कुणी सोंग घेतलं तर मुळीच नाही. आणि पासवर्ड लावलेली zip आली तर ती बाजूला ठेवायची, कारण कुलूपबंद पेटीत काय आहे ते सर्व्हरला बघताच येत नाही. बाजूला ठेवलेल्या मेलची सूचना ज्याची त्याला जायची: कुणाकडून आली, विषय काय, का रोखली. हवी असेल तर यज्ञेश्वरला फोन करा.

पहिल्या आठवड्यात सूचनांचाच पूर आला. व्हायरस असलेल्या प्रत्येक मेलमागे एक सूचना, आणि ती पाठवणाऱ्यालाही एक. पाठवणाऱ्यांचे पत्ते तर खोटेच असायचे, त्यामुळे भलत्याच लोकांची उलट पत्रं यायला लागली की बाबा, आम्ही तुम्हाला काही पाठवलंच नाही. भीक नको पण कुत्रं आवर अशी गत. यज्ञेश्वरने पाठवणाऱ्यांच्या सूचना बंद केल्या, ओळखीच्या व्हायरसच्याही केल्या, आणि उरलेल्यांची रोज सकाळी एकच यादी जाईल असं केलं. मग ऑफिस शांत झालं. तो खूश होता. आपण काहीतरी नीट केलं असं त्याला फार क्वचित वाटायचं, तेव्हा वाटलं.

मग सिंहस्थ आला.

ज्यांनी सिंहस्थातलं उज्जैन पाहिलं नाही त्यांना काय सांगावं. रस्ते बंद, पूल बंद, जिकडे तिकडे बांबूचे कठडे, आणि घरोघरी पाहुणे. शाही स्नानाच्या दिवशी यज्ञेश्वर जुन्या शहरातून निघाला आणि कठड्यापाशीच अडकला. पोलिसाला त्याने सांगितलं, ‘‘भाईसाहब, ऑफिस जाना है.’’ पोलीस म्हणाला, ‘‘आज तो महाकाल का ऑफिस है.’’ तो घरी परतला. नेमकी त्याच दिवशी हॅम्बुर्गची नव्या नक्ष्यांची, म्हणजे छपाईच्या नमुन्यांची, zip आली. ग्राहक नक्षे चोरीला जाऊ नयेत म्हणून त्यांना नेहमी पासवर्ड लावायचा. नियमाप्रमाणे ती अडकली आणि सोडायला कुणी नव्हतं. भैरवगढला ठप्पे कोरणारे हातावर हात ठेवून बसले.

दुसऱ्या दिवशी मालक अनिलसेठ सर्व्हरच्या खोलीत आले. ते कधी ओरडत नसत, त्यामुळे त्यांच्यापुढे बोलणं अधिकच अवघड जायचं.

‘‘यज्ञेश्वरजी, आप नहीं होंगे तो काम रुकेगा?’’

‘‘नहीं सेठजी, पण... लेकिन पासवर्डवाली फाइल में कुछ भी हो सकता है.’’

‘‘तो जिसकी मेल है वही छुड़ा ले. बटन दे दो सबको.’’

यज्ञेश्वरला ते पटलं नाही. त्याने सुचवलं की ओळखीच्या ग्राहकांच्या पत्त्यांपुरतंच बटन देऊ. अनिलसेठ म्हणाले, नवा ग्राहक येईल त्याला कुठून ओळखाल? त्याने आणखी एक सुचवलं: बाहेरून येणारी पण आपल्याच कंपनीचा पत्ता लावलेली मेल दारातूनच परत पाठवू. सेठ म्हणाले, मी दिल्लीच्या सायबर कॅफेतून कंपनीच्या पत्त्यावरून मेल पाठवतो, ती परत पाठवणार? यालाही त्याच्याकडे उत्तर होतं, पण त्याला महिनाभराचं काम आणि नवा सर्व्हर लागला असता. exe आणि तत्सम फाइल मात्र कुणालाही सोडता येणार नाहीत, एवढं त्याने मनवून घेतलं. बाकी बटन दिलं. आपला पासवर्ड घाला, यादी बघा, हवी ती मेल सोडा. खाली ‘सगळ्या सोडा’ असाही एक चौकोन होता.

पुढच्या पर्वाला सुलभाकाकू सुट्टीवर गेल्या. पुण्याची नणंद स्नानाला आली होती, तिला एकटीला घाटावर कशी सोडणार? त्यांच्या शेजारच्या टेबलावर जयू बसायची. मनाची फार चांगली. काकूंचा पासवर्ड जयूला माहीत होता, जयूचा काकूंना, आणि दोघींचा चहावाल्यालाही माहीत असेल तर नवल नाही. त्या हॉलमध्ये पासवर्ड म्हणजे घराची किल्ली होती. शेजारी ठेवायचीच असते. जयूने काकूंचं मशीन उघडलं, अडकलेल्या मेलची यादी पाहिली, आणि तिला वाटलं, काकू परत येतील, त्यांचं काम तुंबलेलं नको. शिवाय सिंहस्थात कुणाचं काही अडवून ठेवू नये असं तिच्या सासूबाई म्हणायच्या. तिने त्या चौकोनात खूण केली आणि सगळ्या सोडल्या. पुण्यकर्मच केलं तिने.

त्यात एक मेल कंपनीच्या मेल विभागाकडून आल्यासारखी होती. पाठवणाऱ्याचा पत्ता कंपनीचाच. तुमचं खातं बंद होणार आहे, सोबतच्या फाइलीतला अर्ज भरा, फाइल उघडायचा पासवर्ड हा. खाली कंपनीचं नाव. कुलूप लावून किल्ली त्याच पाकिटात, कारण सर्व्हर किल्ली लावून बघत नाही, माणूस बघतो.

काकू परत आल्या, त्यांनी मेल वाचली, अर्ज उघडला. त्यात नाव आणि पासवर्ड मागितला होता. त्यांनी भरला. दोन चुका झाल्या म्हणून परत नीट भरला.

पुढचं सगळं कुणा परक्याने केलं. फिरतीवरच्या लोकांसाठी कंपनीची मेल बाहेरूनही ब्राउझरमध्ये उघडायची. तो काकू बनून आत शिरला आणि तसाच अर्ज काकूंच्या नावाने प्रत्येक ग्राहकाला पाठवून दिला. यज्ञेश्वरला कळलं तेव्हा त्याने काकूंचा पासवर्ड बदलला, बटन बंद केलं, ऑफिसातल्या सगळ्यांना सावधगिरीचं पत्र लिहिलं. ते पत्रही मेल विभागाकडूनच होतं, त्यामुळे निम्म्यांनी ते घाबरून पुसून टाकलं. त्यांचं तरी काय चुकलं?

हॅम्बुर्गच्या माणसाने अनिलसेठना फोन केला. त्याच्याकडे दोघांनी अर्ज भरला होता. सुलभा मेलवर आहे तोवर नक्षे पाठवणार नाही, म्हणाला. गुडघ्यांबद्दल काही विचारलं नाही.

जयू स्वतः जाऊन सेठना सांगून आली की मेल मी सोडली. ती रडत होती. सेठ म्हणाले, पासवर्ड किसने दिया? म्हणजे फिरून दोष काकूंवरच. यज्ञेश्वरही गेला. त्याने सांगितलं की बटन नसतं तर मेल माझ्याकडे आली असती आणि मी ती सोडली नसती. सेठनी शांतपणे ऐकलं. ‘‘बटन आपने ही लगाया था ना?’’ खरं होतं. आपल्याला नको असलेली गोष्ट आपल्याच हातांनी करून द्यायची, हा त्याच्या नोकरीचा अर्धा भाग होता.

मग त्याने ठरवलं, थेट हॅम्बुर्गला लिहायचं. इंग्रजी जपून जपून लिहिलं. काय झालं, कसं झालं, आता कोणते नियम बसवले आहेत, आणि श्रीमती सुलभा यांनी जे केलं ते मेल विभागावरच्या विश्वासापोटी केलं. पाठवलं. थोड्याच वेळात उत्तर आलं, ते त्याने लगेच उघडलं.

ते यंत्राचं उत्तर होतं. तुमची मेल धोकादायक म्हणून रोखली आहे. ज्याला पाठवली आहे त्याने सांगितल्यास सोडण्यात येईल.

यज्ञेश्वर ते वाचत बसला. पलीकडच्या कुणा यज्ञेश्वरने उज्जैनच्या कंपनीच्या पत्त्यावरच नियम लावला होता, आणि बरोबरच लावला होता. आपणही हेच केलं असतं. पाठवणाऱ्याला सूचना द्यायची नसते एवढं मात्र त्याला माहीत नसावं. यज्ञेश्वरने हॅम्बुर्गला फोन लावून मेल सोडवायची विनंती केली. तिकडची बाई म्हणाली, निरोप देते. मेल कुणी सोडली नाही. त्याने पुन्हा फोन केला. मग करणं सोडून दिलं. इतका हताश तो आयुष्यात कधी झाला नव्हता.

काकूंना भैरवगढला पाठवलं, ठप्प्यांच्या कोठारावर. पगार तोच. अनिलसेठ वाईट नव्हते. तिथे कॉम्प्युटर नव्हता, फोन होता. टेबल आवरताना यज्ञेश्वर त्यांच्यापाशी उभा राहिला. त्याला पुष्कळ बोलायचं होतं.

‘‘काकू, तुमची काही चूक नाही. ती मेल...’’

‘‘अरे, मला शक आला होता,’’ काकू म्हणाल्या. ‘‘खातं बंद कशाला करतील, असं मनात आलंच. तुला फोन लावणार होते. मग पाहिलं, मेल विभाग लिहिलंय. म्हणजे तूच ना? तू नीट तपासल्याशिवाय काही येऊच देत नाहीस. बिनधास्त भरलं.’’

त्यांनी पोह्यांचा डबा पिशवीत ठेवला आणि पिशवी खांद्याला लावली.

‘‘आता तिथे तुझ्या मेल येणार नाहीत,’’ त्या म्हणाल्या. ‘‘कधी फोन करत जा, यज्ञा. आवाज ऐकला की तूच आहेस हे तरी समजेल.’’

यज्ञेश्वर हो म्हणाला. त्या बाहेर जाऊन टेम्पोत बसल्या. सर्व्हरच्या खोलीत येऊन त्याने सकाळची यादी उघडली. त्यात एक मेल काकूंच्या नावावर अडकलेली होती, आणि ती सोडायची कुणाला, ते त्याला कळेना.