मेथीचं कोण बघतंय?

शुभांगी साळवेला राग आला होता हे नक्की. कुणाचा, तेवढंच तिला कळत नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी कारकुनाची नोकरी सोडून तिने प्रतिभा पिंगळेबरोबर अर्ध्या-अर्ध्या भागीदारीत ‘हिरवी जुडी’ सुरू केली. गंगापूर रोडच्या सोसायट्यांमध्ये निवडलेली पालेभाजी घरपोच पोचवायची. प्रतिभाचं माहेर मखमलाबादचं, भाजी पिकवणारं, आणि पत्र्याची शेडही तिच्या वडिलांचीच. भागीदारीचा करार वकिलाकडून रीतसर झाला. कामाची वाटणी मात्र चहा पिता पिता एका वाक्यात उरकली. ‘बाहेरचं तू बघ, आतलं मी बघते,’ असं शुभांगीच म्हणाली होती. झालं, एवढ्यावर बायांनी धंदा काढला!

आता सायखेड्याहून मेथी पाठवणारा जयराम आतला की बाहेरचा? शुभांगीच्या मते माल शेडमध्ये येतो म्हणजे आतला. प्रतिभाच्या मते शेत काय शेडमध्ये असतं का? गेल्या आठवड्यात दोघींनीही त्याला फोन केला आणि दुप्पट मेथी येऊन पडली. निम्मी शेडमध्येच पिवळी पडली. या आठवड्यात दोघीही शहाण्या झाल्या, दोघींनीही फोन केला नाही, आणि मेथीच आली नाही. सोसायट्यांमधल्या बायकांनी शुभांगीचं डोकं खाल्लं. वर जयरामने भोळेपणाने विचारलं, “ताई, राग नका मानू, पण तुमच्या दोघींत मालकीण कोन हाय?”

त्या प्रश्नाने शुभांगी पार गोंधळली. भल्या सकाळी शेड उघडणार ती, भाजी निवडणाऱ्या बायकांना कामाला लावणार ती, ड्रायव्हर आला नाही तर टेम्पोत बसणार ती, जीएसटीचं भरणार तीच. प्रतिभा अकराला येणार, जुड्यांचे फोटो काढणार, सोसायट्यांमध्ये गप्पा मारून घरी जाणार. मग आपण मालकीण की हमाल? बरं, हे सांगावं तर भांडण होणार, भांडण झालं की शेडही जाणार आणि मैत्रीणही. न सांगावं तर आपण एक दिवस टेम्पोतच आडवं व्हायचं.

दुपारी शेड रिकामी झाल्यावर ती लिहायला बसली. कंपनीच्या ग्रुपवर कामाच्या बायकाही होत्या, म्हणून प्रतिभाला एकटीला मेल. पहिल्या खेपेला ‘तू कधीच’ने सुरू होणारी वाक्यंच वाक्यं झाली. वाचून तिची तिलाच लाज वाटली, सगळी खोडली. मग नुसतं घडलं ते लिहायचं ठरवलं, आणि तिथेच घोडं अडलं. घडलं ते असं की प्रतिभाने कशाला हात घातला की शुभांगीच म्हणायची, ‘असू दे, मी बघते.’ ड्रायव्हरचं मी बघते. तक्रारींचं मी बघते. कुणी लादलं होतं? छे, काही कळेना. तेही तिने लिहून टाकलं.

‘प्रतिभा, मी थकले आहे आणि गोंधळले आहे. मेथीची चूक तुझी की माझी, हे मला खरंच माहीत नाही. किती कामं मी आपणहून ओढून घेतली आणि किती माझ्यावर पडली, तेही सांगता येत नाही. मला वाटतं, प्रत्येक कामाला एकीचंच नाव असावं. दुसरीने सुचवावं, पण शेवटचा शब्द नाव असलेलीचा. महिनाभर करून बघू, मग पुन्हा बसू. तुला कसं दिसतं तेही लिही. उद्या शेडवर बोलू या का?’

संध्याकाळी उत्तर आलं. प्रतिभाने लिहिलं होतं, ‘तू “मी बघते” म्हणालीस की मला वाटायचं, माझं काम तुला पसंत नाही. म्हणून मी हात काढून घेत गेले. माझ्याच शेडमध्ये मला पाहुण्यासारखं वाटतं गं.’

शुभांगीने ते तीनदा वाचलं. डोळे भरून आले, आणि राग कुठे ठेवायचा ते कळेना.

दुसऱ्या दिवशी दोघी समोरासमोर बसल्या. तक्रारी, हिशेब आणि कामाच्या बायका शुभांगीकडे राहिल्या. शेतकरी, ड्रायव्हर आणि सकाळी शेड उघडणं प्रतिभाकडे गेलं. ड्रायव्हरवरून थोडी ओढाताण झाली, पण निभावलं. तेवढ्यात शुभांगीचा फोन वाजला. जयराम.

“ताई, उद्याच्या मेथीचं कोन बघतंय?”

“मी ब...” शुभांगी थांबली. तिने फोन प्रतिभापुढे धरला.

“मी करते,” प्रतिभा म्हणाली आणि बोलत बोलत बाहेर गेली. जयरामला तिने किती जुड्या सांगितल्या ते शुभांगीला ऐकू आलं. जास्त वाटल्या. तिने तोंडाला पदर लावला आणि हिशेबाची वही उघडली.

दुसऱ्या दिवशी भल्या सकाळी सवयीने जाग आली. चपला घालून ती दारापर्यंत गेलीही. मग तशीच उंबऱ्यावर बसली. शेडची किल्ली प्रतिभाकडे होती, आणि आपण आता काय करायचं असतं, हे तिला आठवेना.