शेवटचा गुणाकार

गणित मला कधी कुणी शिकवावं लागलं नाही आणि त्याचा मला माज होता. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कुणी माझी कीव करत बसायला नको.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी रत्नागिरीत बी.एस्सी. करत होते, गणित घेऊन. दादा माझ्याहून तीन वर्षांनी मोठा, त्याचा तंत्रनिकेतनातला स्थापत्याचा डिप्लोमा एकाच विषयावर अडकला होता. अप्लाइड मेकॅनिक्स. तीनदा बसला, तीनदा आपटला. चौथी खेप शेवटची, तीही गेली तर सगळी वर्षं पाण्यात. बांधकाम खात्यातल्या एका साहेबांनी त्याला तोंडी सांगून ठेवलं होतं, "डिप्लोमाचा कागद आण नि ओव्हरसियर म्हणून रुजू हो." दादाला रत्नागिरी सोडायची नव्हती. आमच्या आळीतली निम्मी मुलं मुंबईला गेलेली, तो म्हणायचा, "ती चाळ नको नि तो नळ नको. मी इथलेच रस्ते मोजीन, संध्याकाळी मांडवीच्या किनाऱ्यावर जाऊन बसेन. एवढंच हवंय मला."

एवढंच हवं होतं हो त्याला. काय मोठं मागितलं होतं?

बाकीचा अभ्यासक्रम त्याला जेमतेम यायचा. घोडं अडायचं ते तीन दोरांच्या गणितापाशी. एक वजन तीन दोरांनी टांगलंय, तिन्ही दोर तीन दिशांना गेलेत, प्रत्येकातला ताण काढा. कागदावर सपाट आकृती असली की तो निभावून न्यायचा, पण दोर कागदाच्या बाहेर आला की त्याचं डोकं चालेनासं व्हायचं. आणि हे गणित दर वेळी यायचंच, बारा मार्कांना.

"तू शिकव गो मला," तो एक दिवस म्हणाला. मोठ्या भावाने धाकट्या बहिणीला असं म्हणणं त्या काळी सोपं नव्हतं. मी तरी काय, लगेच खुर्चीत ताठ बसले.

मी पडवीत तीन सुतळ्या बांधल्या. एक खिडकीच्या गजाला, एक दाराच्या कडीला, एक पडवीच्या खांबाला. मधे गाठ मारून तिला पाण्याने भरलेला तांब्या टांगला. आई ओरडली, "मेल्यांनो, पितळेचा तांब्या आहे तो, पोचे आले तर बघा!"

"या गाठीकडे बघ," मी म्हटलं. "ही हलते?"

"नाही."

"मग तिच्यावरची सगळी ओढ मिटली. पूर्वेला जेवढी ओढ तेवढीच पश्चिमेला. उत्तरेला तेवढीच दक्षिणेला. आणि वर जेवढी, तेवढा खाली तांब्या. तीन दिशा, तीन समीकरणं. तीन ताण माहीत नाहीत, तेही तीनच. सुटणारच."

मग फूटपट्टीने मोजायला लावलं. गाठीपासून सुतळीच्या टोकाकडे जायचं तर पूर्वेला किती, उत्तरेला किती, वर किती. तिघांचे वर्ग, त्यांची बेरीज, वर्गमूळ, ती सुतळीची लांबी. ताण सुतळीच्याच दिशेने असतो, म्हणून त्याचा पूर्वेकडचा वाटा म्हणजे ताण गुणिले पूर्वेकडचं अंतर भागिले लांबी. बाकीचे वाटेही तसेच. दादा सुतळीला बोट लावून लावून बघत होता. मग एकदम म्हणाला, "अरेच्चा! म्हणजे जी उभी तिच्यावर वजन, जी आडवी ती नुसती बाजूला ओढते." मला इतका आनंद झाला. पालथ्या घड्यावर पाणी असं सगळे म्हणायचे त्याला, मीसुद्धा.

पण अपूर्णांकांत तो गडबडायचा. छेदात सात, छेदात दहा, की गाडी घसरली. तेव्हा मी माझी युक्ती काढली. म्हटलं, "छेद नकोच. ताण भागिले लांबी, या सगळ्यालाच 'अ' म्हण. दुसऱ्याला 'ब', तिसऱ्याला 'क'. मग समीकरणात नुसती अंतरं राहतात, पूर्णांक. अ, ब, क काढ आणि शेवटी आपापल्या लांबीने गुण. झाला ताण."

युक्ती खरी आहे. पुस्तकांतही असते. तिला मी दोष देत नाही.

दोष माझा. आम्ही तीस-चाळीस गणितं केली असतील आणि एकदाही शेवटचा गुणाकार केला नाही. त्याचे अ, ब, क आले की मी वहीवर बरोबरची खूण करायची. "पुढे नुसता गुणाकार, तो काय, पाचवीतलं पोर करील. वेळ घालवू नकोस, पुढचं घे." त्याने एकदा विचारलंही होतं, "गुणून टाकू?" तर मी खेकसले त्याच्यावर.

परीक्षेच्या दिवशी दुपारी तो जवळजवळ धावतच घरी आला. मुलं प्रश्नपत्रिकेच्या समासात आपली उत्तरं लिहून आणत, तशी त्यानेही आणली होती. आई भात वाढत होती. त्याने हातपायही धुतले नाहीत, कागद माझ्यासमोर धरला.

"आलं गो आलं! बघ. सातशे ऐंशी न्यूटन वजन. पहिला दोर पूर्वेला दोन मीटर, उत्तरेला तीन, वर सहा. दुसरा पश्चिमेला आठ, वर सहा. तिसरा दक्षिणेला आठ, वर सहा. दोन अ बरोबर आठ ब. तीन अ बरोबर आठ क. सहा गुणिले तिघांची बेरीज सातशे ऐंशी. अ ऐंशी, ब वीस, क तीस! काय गुळगुळीत आकडे आलेत!"

समासात लिहिलं होतं: ताण ऐंशी, वीस, तीस न्यूटन. खाली दोन रेघा.

मी मनातल्या मनात लांब्या काढल्या. पहिला दोर सात मीटरचा, दुसरे दोन दहा-दहाचे. उत्तर पाचशे साठ, दोनशे, तीनशे. आणि गुणायचीही गरज नव्हती, नुसतं बघूनच कळत होतं. तीन दोर मिळून एकशे तीसने ओढतायत आणि खाली सातशे ऐंशीचं वजन लोंबतंय? कसं राहील ते? तिन्ही दोर अगदी सरळ उभे असते तरी ताणांची बेरीज वजनाएवढी भरली असती, तिरके असले की त्याहून जास्तच लागते. हा साधा ताळासुद्धा मी त्याला शिकवला नव्हता.

"बरोबर ना गो?"

आई वाढायची थांबून माझ्याकडे बघत होती.

"बरोबर," मी म्हटलं.

खोटं बोल पण रेटून बोल, म्हणतात ना, तसं रेटून बोलले. मनाशी म्हटलं, रीत बरोबर आहे, तपासणारा रीतीचे मार्क देईल, बारातले आठ तरी. निघून जाईल. आज जेवू दे त्याला सुखाने.

आणि तेवढ्यावर राहिलं असतं तरी मी आज हे लिहायला बसले नसते. तिसऱ्या दिवशी मामाचं पत्र आलं. मुंबईत मामाच्या कारखान्यात नकाशे काढायच्या खात्यात एक जागा होती, डिप्लोमा नसला तरी चालणार होता. शिकवून घेणार होते. पण पंधरा दिवसांत हजर व्हायला हवं, नाहीतर दुसऱ्याला देणार. दादा पत्र घेऊन पडवीत माझ्यापाशी आला.

"काय करू? पास झालो तर ओव्हरसियर. नाही झालो तर हीही जागा गेली. तूच सांग. तुला सगळं कळतं."

तेव्हा तरी सांगायचं होतं. तोंड उघडलंही होतं मी. पण सांगायचं म्हणजे तीन दिवस खोटं बोलले तेही सांगायचं, आणि माझी शहाणपणाची खुर्ची मला सोडवेना. मी म्हटलं, "नको जाऊस. पास आहेस तू."

त्याने मामाला नकार लिहिला. ते आंतरदेशीय पत्र पेटीत मीच टाकलं.

मग निकालापर्यंतचे दोन महिने. एवढा हसताना मी दादाला आधी कधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही. रस्त्याने जाताना म्हणायचा, "ही रस्त्याखालची मोरी चुकीची बांधलीय, माझ्या हातात येऊ दे, दाखवतो." बाबांची चेष्टा करायचा, "साहेबांचे वडील म्हणतील तुम्हाला." आईला म्हणायचा, "आंबे काय ते पहिल्या पगाराचे, तोवर काजूवर भागव." मी प्रत्येक वेळी सगळ्यांबरोबर हसायचे. कुणी बाजूला घेऊन विचारलं असतं तर रडले असते, पण मला कोण विचारणार? मी घरातली हुशार.

निकालाच्या फळ्यावर सदतीस होते. चाळीसला पास.

तीन मार्क. पुढचे तीन गुणाकार केले असते तर मिळाले असते.

 घरी आल्यावर आईने विचारलं, त्याने नुसती मान हलवली, तिने डोळ्यांना पदर लावला. संध्याकाळी तो तीच प्रश्नपत्रिका घेऊन पडवीत बसला आणि गणित पहिल्यापासून केलं. सावकाश. मी दारात उभी होते. अ ऐंशी आले, ब वीस, क तीस. पेन्सिल थांबली. मग त्याने ऐंशी सत्ते पाचशे साठ लिहिलं.

वर न बघताच त्याने विचारलं, "तुला त्याच दिवशी दिसलं?"

मी हो म्हटलं. तेवढं एक खरं बोलले.

मामाच्या कारखान्यातली जागा केव्हाच भरली होती. दादाला मुंबईत एका गोदामात माल उतरवून घेण्याचं काम मिळालं. सकाळच्या एस.टी.ने निघाला. बाबा खिडकीतून त्याची ट्रंक आत सारत होते. मी बाजूला उभं राहून हज्जारदा म्हटलं, दादा माझं चुकलं, दादा माझी चूक. त्याने खिडकीतून हात बाहेर काढून माझ्या डोक्यावर ठेवला. रागावला असता तर बरं झालं असतं.

"नापास झालो त्याचं काही नाही गो," तो म्हणाला. "गुणाकार मीच विसरलो. पण तू मला नापास समजत होतीस आणि दोन महिने माझ्याबरोबर हसत होतीस. मी तुला सगळं सांगत होतो."

कंडक्टरने घंटी मारली.

पुढे तो दर गणपतीला यायचा. आईचं दुखलंखुपलं बघायचा, बाबांचे पाय चेपायचा, माझ्या मुलांना खाऊ आणायचा, माझ्याशी चार शब्द नीट बोलायचा. आज मी पासष्टीच्या घरात आले. त्या दिवसानंतर दादाने मला काही म्हणजे काही विचारलं नाही. साधं 'आज पाऊस येईल का गो' एवढंसुद्धा नाही.