पोस्टखालची मावशी

ऑफिसात तिला सगळे मावशी म्हणायचे. तिथल्या कुणाचीच ती मावशी नव्हती, पण वयाने सगळ्यांत मोठी होती आणि खुर्चीवर उशी घेऊन बसायची, तेवढं पुरलं. तीन खोल्यांचं ऑफिस होतं आणि खाली लाँड्री. दुपारी इस्त्रीची वाफ जिन्यातून वर यायची. छोट्या दुकानांची सोशल मीडियावरची खाती सांभाळणं हा तिथला धंदा. बेकरी, चष्म्याचं दुकान, सायकलवाला आणि लोकरवाले काका, या सगळ्यांच्या नावाने मावशीच बोलायची.

त्याआधी बरीच वर्षं ती एका कंपनीच्या तक्रार विभागात होती. बिघडलेल्या मिक्सरबद्दल संतापून लिहिणाऱ्यांना उत्तरं द्यायची. तिथे तिचं नाक तयार झालं. गोड बोलण्यातला मतलब तिला वासावरून कळायचा, स्वतःच्या बोलण्यातलासुद्धा. त्यामुळे तिची उत्तरं चांगली असायची. घरी मात्र त्याचीच पंचाईत. लग्नाच्या वाढदिवसाला तिने नवऱ्याला दोन ओळींचा मेसेज पाठवला, तर त्याचा उलट प्रश्न आला, "हे मला लिहिलंयस की गिऱ्हाईकाला?" तो हसत होता, पण ती दिवसभर विचार करत बसली. मग तिने तसे मेसेज पाठवणंच सोडलं.

त्या सकाळी सर धावत आले. सर म्हणजे ऑफिसचे मालक. त्यांच्या हातात फोन होता.

"मावशी, हे पाहिलंत? लोकर आहे, लोकर! काकांसाठी सोन्यासारखी संधी. पटकन काहीतरी झकास टाका."

पोस्ट एका हॉस्पिटलच्या चौकशी खिडकीत बसणाऱ्या बाईंची होती. फोटोत बाहेरचा लोखंडी बाक होता, त्यावर करड्या रंगाचं अर्धवट विणलेलं स्वेटर, त्यात अडकलेल्या दोन सुया आणि शेजारी लोकरीचा गुंडा. खाली एवढंच लिहिलेलं होतं : "बाकावर सापडलं. सुया अजून त्यातच आहेत. कुणाचं आहे?"

मावशीने पोस्ट तीनदा वाचली आणि म्हणाली, "मला ही खोटी वाटते."

"का?"

"उजेड बघा किती छान पडलाय. आणि गुंड्यावरचा कागदी पट्टा बरोबर कॅमेऱ्याकडे तोंड करून. कुठल्या तरी लोकरीच्या कंपनीचं काम असणार."

"मग तर अजून चांगलं! त्यांच्या पैशावर आपली जाहिरात."

मावशीने त्या बाईंचं खातं उघडलं. खातं जुनं होतं. भाचीचे दात, हरवलेलं मांजर, पाणी न आल्याची तक्रार, असलं सगळं. कंपन्यांच्या खात्यांवर पाणी जात नाही. तरी तिचा संशय पुरता फिटला नाही.

मग तिने पोस्टखालची उत्तरं वाचायला घेतली. ही तिची पद्धत होती. आधी लोक काय काय म्हणून झालेत ते बघायचं आणि ते सगळं आपल्यासाठी बंद. रडणारे चेहरे होतेच. कुणी कविता केली होती. एका गादीवाल्या कंपनीने "आमच्या गादीवर झोपलात तर असं विसरणार नाही" असा विनोद मारला होता आणि त्याखाली लोकांनी तिची सालटी काढली होती. एका बाईने आपल्या आजीच्या स्वेटरची लांबलचक गोष्ट लिहिली होती. गोष्ट बरी होती, पण पाचव्या ओळीपर्यंत त्या बाकाचा पत्ताच नव्हता, नुसतं मी आणि माझी आजी. आणि एका गृहस्थाने सल्ला दिला होता : "सुया काढून ठेवा, कुणाला तरी टोचतील." त्यावर चौकशीवाल्या बाईंनी लिहिलं होतं, "हो, काढतेच."

मावशी खुर्चीत सरळ झाली.

"अहो, ही सुया काढेल!"

"मग?"

"मग सगळे टाके सुटतील, सर. विणलेलं उसवेल."

त्या बाईंना तेव्हा एकच गोष्ट हवी होती आणि ती कुणीच देत नव्हतं. मावशीने दुकानाच्या खात्यावरून दोन ओळी लिहिल्या : "सुया काढू नका, टाके सुटतील. दोन्ही टोकांना रबरबँड गुंडाळा, म्हणजे टोचणारही नाहीत."

सर मान लांब करून वाचत होते. "बस? दुकानाचं नाव?"

"नाव खात्यावर आहेच. ज्याला बघायचंय तो बोट लावून बघेल."

"लिंक तरी टाका."

"लिंक टाकली की हा सल्ला राहत नाही, पाटी होते."

तिने तेवढंच टाकलं. पोस्ट चढत होती आणि उत्तरांची गर्दी अजून बेताची होती, म्हणजे वेळही बरी होती. थोड्याच वेळात चौकशीवाल्या बाईंनी खाली नवा फोटो लावला : सुयांच्या टोकांना दोन पिवळे रबरबँड. "वाचवलंत! काढायलाच बसले होते." पोस्ट ज्याची, त्यानेच दाद दिली की उत्तर वर सरकतं. जेवणापर्यंत मावशीच्या दोन ओळी सगळ्यांत वर जाऊन बसल्या. लोक विणकामाबद्दल विचारू लागले, ती एकेका ओळीत सांगू लागली. लोकरवाल्या काकांचा फोन आला, "अगं, माझं दुकान एवढं शहाणं कधी झालं?"

ती डबा खायला आतल्या खोलीत गेली आणि सरांना राहवलं नाही. ती परत येऊन बघते तर तिच्या उत्तराखाली दुकानाच्याच नावाने नवी ओळ : "आमच्याकडे सर्व रंगांची लोकर उपलब्ध! आजच भेट द्या, खास सूट!!"

तोवर व्हायचं ते झालं होतं. "वाटलंच होतं, जाहिरात आहे." "स्वेटर पण ह्यांनीच ठेवलं असणार बाकावर." "चौकशीवाली बाई यांच्यातलीच." सकाळी मावशीला जो संशय आला होता तोच आता तिच्यावर उलटला होता. आणि राग येण्याऐवजी तिला वाटलं, यांच्या जागी मीही हेच म्हटलं असतं.

"सर, हे काय केलंत?"

"सगळे बघत होते ना! मग बघणाऱ्याला दुकान कुठाय ते नको सांगायला?"

"तुम्ही सांगितलंत म्हणून आता कुणी ऐकत नाहीये."

"बरं, उडवून टाका. कुणाला कळतंय?"

कळलं होतं. लोकांनी स्क्रीनशॉट काढले होते. गुपचूप पुसलं असतं तर आगीत तेल. मावशीने ती ओळ काढली आणि तिथेच लिहिलं : "सवलतीची ओळ आमचीच होती. इथे टाकायला नको होती, काढली." माफीची लांबण नाही, हात जोडलेली चित्रं नाहीत. आरडाओरडा थांबला नाही, पण धार कमी झाली.

एव्हाना स्वेटरचे मालकही उगवू लागले होते. माझं आहे, माझ्या आईचं आहे, माझ्या वहिनीचं आहे. एकाने तर पत्ता देऊन पार्सल करायला सांगितलं. मावशी खाली खाली वाचत गेली. शेवटी "आणखी उत्तरे दाखवा" अशी घडी होती. नवी, बिनफोटोची खाती तिथे आपोआप ढकलली जातात, तिकडे कुणी फिरकत नाही. ती घडी तिने उघडली. जाहिरातींच्या कचऱ्यात एक उत्तर पडलेलं होतं : "ते माझं आहे. पत्नीला आत नेलं तेव्हा गडबडीत राहिलं. डाव्या बाहीत एक टाका चुकला आहे, तो मला उसवायचा होता."

खातं त्याच दिवशी उघडलेलं. त्याखाली एकानेच लिहिलं होतं, "काका, बाप्ये कधीपासून विणायला लागले?"

मावशीने सरांना दाखवलं. त्यांनी डोळे बारीक केले.

"खरं सांगा. तुम्ही ओळखता याला?"

"मी कशी ओळखणार?"

"नाही, फारच वेळेवर आलाय."

तिलाही तेच वाटत होतं. बाहीतला टाका फोटो मोठा करून कुणालाही शोधता आला असता. तिने मोठा करून पाहिला. टाका खरंच चुकला होता, म्हणजे काहीच सिद्ध होत नव्हतं. तिने चौकशीवाल्या बाईंना खासगी मेसेज पाठवला, पण अनोळखी दुकानाचा मेसेज विनंत्यांच्या ढिगात पडला असणार, तो कोण उघडतंय! राहिली ती एकच जागा, सगळ्यांत वरची. आणि तिथे आता काहीही लिहिलं तरी लोक म्हणणार, परत आली मिरवायला.

तिने तीनदा लिहून खोडलं. पहिल्या वेळी "मला सापडलं" असं होतं, ते आपोआपच आलं होतं, ते गेलं. दुसऱ्या वेळी त्या माणसाची दया येईल असे शब्द होते, तेही गेले. शेवटी आपल्याच उत्तराखाली तिने टाकलं : "सर्वांत खाली, आणखी उत्तरांमध्ये, डाव्या बाहीबद्दल लिहिलेलं एक उत्तर आहे. खरं की खोटं माहीत नाही. फोटोत दिसत नाही असं काहीतरी त्यांना खासगीत विचारून बघा."

संध्याकाळी घरी नवऱ्याने सगळं ऐकलं आणि चहाचा कप खाली ठेवला. "तो बिनफोटोचा माणूस म्हणजे तूच नाहीस ना?"

"तुलाही असंच वाटतं?"

"नाही गं. पण तू इतकं बेमालूम लिहितेस, म्हणून विचारलं."

ती हसली नाही.

दुसऱ्या दिवशी चौकशीवाल्या बाईंनी लिहिलं : "स्वेटर ज्यांचं त्यांना मिळालं. त्यांना फोटो नको होता." त्याखाली ताबडतोब, "फोटो नाही? म्हणजे सगळं नाटक." काकांची विक्री वाढली नाही. फक्त दोन बायका दुकानात येऊन, तो रबरबँडवाला तुम्हीच का, असं विचारून गेल्या.

मावशीला चैन पडेना. तिने पुन्हा मेसेज केला. या वेळी उत्तर आलं.

"माणूस खरा होता का?"

"कोण विचारतंय? दुकान, की तुम्ही?"

मावशीने दुकानाचं खातं बंद करून स्वतःचं उघडलं. त्याच्यावर फोटो नव्हता, ओळखीचे चार नातेवाईक होते. तिथून लिहिलं, "मी. उत्तरं मीच लिहीत होते. दुकानासाठी नाही विचारत."

बराच वेळ काही आलं नाही. आपणही विनंत्यांच्या ढिगात पडलो, असं तिला वाटलं. मग आलं.

"मलाही शंका होती. गुंड्याच्या आत काय आहे विचारलं. ते म्हणाले, बिलाच्या कागदाची घडी आहे, लोकर त्याच्यावर पुन्हा गुंडाळून पट्टा वरून चढवलाय. मी उलगडून बघितलं नाही, सगळं तसंच पिशवीत घालून दिलं. म्हटलं, फसवलंच असेल तर फसवू दे. तर ते त्याच बाकावर बसले, रबरबँड काढले, बाहीतली चूक उसवली आणि विणायला लागले. हातांकडे बघतही नव्हते, आतल्या दाराकडे बघत होते. मला एक माणूस आत सोडायचा होता, त्यांनी पाय आखडून वाट दिली आणि टाका सुटू दिला नाही."

"पत्नी कशी आहे?"

"दोन दिवसांत घरी सोडतील म्हणतायत."

मावशीने ते पुन्हा वाचलं. यात खोटं काय असू शकेल, हे शोधायला तिचं मन सवयीने निघालंच होतं. बाई गोष्टी रंगवून सांगणाऱ्या असू शकतील. पाय आखडण्याचं मात्र कुणी मुद्दाम रचणार नाही, असं तिला वाटलं, आणि ती तिथे थांबली.

सर दारात येऊन उभे होते. "मावशी, कळलं ना त्या माणसाचं? लिहून टाकू या ना दुकानाच्या नावाने! शेवट काय झाला ते लोकांना हवंय."

"काय झाला ते मला माहीत नाही, सर," ती म्हणाली आणि बेकरीचं खातं उघडलं.