पुरावा मिळाला नाही, एवढंच

हिंगोली नुकताच जिल्हा झाला होता आणि मी तिथून नांदेडच्या एका दैनिकाला बातम्या पाठवत होतो. कबड्डीच्या अंतिम सामन्यानंतर हरलेल्या संघाच्या व्यवस्थापकानं आयोजक समितीकडे लेखी तक्रार दिली, की आमच्याच चढाईपटूनं सामना विकला. संघ मागे असताना तो शेवटच्या चढायांत नुसता रेषेला पाय लावून परतला होता.

संपादकांचा फोन आला. "मथळा देतो, 'सामना विकला'. दुसरा पेपर हेच छापून राहिलाय."

"तक्रार झालीय साहेब, सिद्ध काही झालं नाही. त्याला विचारल्याशिवाय बातमी देणार नाही."

"दुपारच्या एसटीनं पाकीट आलं पाहिजे," एवढं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

मी चिडलो होतो. साप म्हणून भुई धोपटायची घाई सगळ्यांनाच! जीप धरून त्या चढाईपटूच्या गावी, गोरेगावकडे गेलो. पोरगं बापाबरोबर शेळ्यामेंढ्या वळत होतं. जिल्हा संघाची निवड तोंडावर होती. डाग लागला की त्याचं नाव गळणार, हे त्यालाही कळत होतं.

"सामना विकला का?" मी सरळ विचारलं.

"न्हाई. गुडघा मुरगळला व्हता. पंचांना विचारा."

बाप मध्ये पडला. "साहेब, लेकरू बेकसूर हाय, असं लिवा."

"तेही लिहिता येत नाही. तो नाही म्हणतो, एवढं लिहीन."

"मंग तुमी आले काहून?" बाप म्हणाला. पोराचा नकार वहीत जसाच्या तसा उतरवून मी निघालो.

हिंगोलीत येऊन पंचांना गाठलं. दुखापतीसाठी खेळ थांबवला होता, हे त्यांनी मान्य केलं. दुखापत किती खरी, ते सांगायला तयार नव्हते. मी दोन्ही लिहिलं. नाव गाळलं असतं तर सगळ्याच संघावर संशय गेला असता, म्हणून नाव दिलं आणि त्याचा नकार तिथंच, पहिल्या परिच्छेदात घातला. पाकीट एसटीत दिलं, मग एसटीडी बूथवरून संपादकांशी मथळ्यासाठी भांडलो. शेवटी ते वैतागून म्हणाले, "बरं, 'तक्रार, चौकशी सुरू' घालतो."

दुसऱ्या पेपरनं 'सामना विकला' छापलं. चहाच्या टपरीवर लोक मलाच विचारू लागले, "तुमाला किती भेटले?" मला फार लागलं ते.

समितीची चौकशी संपेपर्यंत निवड होऊन गेली. पोराला घेतलं नव्हतं. पुरावा मिळाला नाही, असा निकाल आला. पहिली बातमी जिथं होती, तिथंच आणि तेवढ्याच आकारात तोही छापायला लावला.

तो अंक घेऊन पोरगं माझ्या खोलीवर आलं. "सगळं बराबर लिवलं तुमी. पण तुमाला सवताला काय वाटते? म्या विकला का?"

खोटं बोलवेना. "मला माहीत नाही रे," म्हणालो.

तो उठला. "त्या दुसऱ्या पेपरवाल्याला तरी माहीत हाय," म्हणाला, आणि लंगडतच पायऱ्या उतरला.